उन्हात उभ्या गाडीतला मोबाइल होल्डर: पीएलए, पीईटीजी की एएसए? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरच्या थ्रीडी प्रिंटरवर गाडीसाठी मोबाइल होल्डर काढायचा, तर फिलामेंट कोणतं घ्यायचं? पुण्यात हा प्रश्न मार्च उजाडला की सुरू होतो आणि पहिला वळीव पडेपर्यंत थांबत नाही. इथली उत्तरं फक्त या एका वस्तूपुरती आहेत: डॅशबोर्डवर किंवा एसीच्या जाळीवर बसणारा, आपला आपण प्रिंट केलेला होल्डर. गाडी दिवसभर हिंजवडी-खराडीसारख्या ठिकाणी उघड्या पार्किंगमध्ये उभी असते, असं धरलं आहे. तुमची गाडी तळघरात उभी राहत असेल तर यातली निम्मी काळजी तुम्हाला लागू नाही.

पार्क केलेली गाडी आतून खरंच किती तापते?

गाडीतली हवा आणि गाडीतला डॅशबोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्लत इथेच होते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांहून जास्त तापमान असताना गाड्या तासभर उन्हात उभ्या केल्या, तेव्हा आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ च्या आसपासच राहिला.

पुण्याचा एप्रिल आणि मे या आकड्यांच्या जवळ जातो. त्यात आपल्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. आजकालच्या गाड्यांची पुढची काच इतकी तिरकी असते की वरून येणारं ऊन सरळ डॅशबोर्डवर उतरतं. त्यामुळे भर दुपारी गाडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे याने फारसा फरक पडत नाही.

म्हणून डॅशबोर्डच्या माथ्यावर ठेवायची वस्तू असेल तर ७० अंश हा नेहमीचा दिवस समजा, आणि काळ्या डॅशवर त्याहून थोडं जास्तही. एसीच्या जाळीवर ऊन थेट कमी वेळ पडतं. तिथलं तापमान गाडीतली हवा आणि डॅशबोर्ड यांच्या मध्ये कुठेतरी राहतं, म्हणून त्यासाठी ५० ते ६० धरायला हरकत नाही. नेमकं हवं असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, साधा चालतो. दुपारी दोन-अडीचला गाडीचं दार उघडल्या उघडल्या, काच आणि चकाकणारे भाग सोडून मॅट प्लास्टिकवर मोजा. एसी लावून मग मोजलं तर त्या आकड्याला अर्थ नाही.

पीएलए का चालत नाही? आणि पीएलए प्लस?

पीएलए ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान काचेसारखा कडकपणा सोडून मऊ पडतं. वितळायला त्याला दीडशेच्या पुढे जावं लागतं, पण होल्डर वाकायला वितळायची गरज नसते. ६० च्या पलीकडे त्याचा ताठपणा थोडाथोडका नाही, शेकडो पटींनी घटतो. त्यामुळे ‘भिंती जाड करतो, इनफिल शंभर टक्के ठेवतो’ हा उपाय इथे चालत नाही. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट वाढतो, आणि समोरून तो शेकडो पटींनी कमी झालेला असतो.

पीएलए प्लस, टफ पीएलए, सिल्क पीएलए ही नावं वेगळी असली तरी पाया तोच. त्यांत जी भर घातलेली असते ती बहुतेक वेळा ठिसूळपणा कमी करण्यासाठी किंवा चकाकीसाठी असते, उष्णतेसाठी नाही. कार्बन फायबर घातलेलं पीएलए थंडीत छान ताठ असतं, पण तंतूंना धरून ठेवणारं प्लास्टिकच मऊ पडल्यावर तंतू एकटे काय करणार? डबीवर उष्णता सहन करण्याचा आकडा स्पष्ट छापलेला नसेल, तर ते पीएलए गाडीसाठी नाही असंच समजा.

डेटा शीटवर पीईटीजीचा उष्णता सहन करण्याचा आकडा ७० अंश आहे. माझ्या डॅशवर ६५ भरले. मग चालायला हवं ना?

तो ७० आकडा कसा काढतात ते आधी पाहू. प्लास्टिकची एक पट्टी दोन टोकांवर टेकवतात, मध्यभागी ठरावीक भार देतात आणि मिनिटाला दोन अंश या वेगाने तापमान वाढवत नेतात. पट्टी ठरलेल्या थोड्या अंतराने वाकली की त्या क्षणाचं तापमान लिहून घेतात. सगळा खेळ अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. तुमची गाडी मात्र सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत उभी असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

प्लास्टिक सतत ताणाखाली राहिलं तर त्या आकड्याच्या बरंच खालीसुद्धा हळूहळू सरकत राहतं. याला क्रीप म्हणतात. एका दिवसात डोळ्याला काही दिसत नाही, दोन आठवड्यांनी होल्डरने मान टाकलेली असते. म्हणून डेटा शीटवरच्या आकड्यातून पंधरा ते वीस अंश वजा करा आणि उरेल तोच रोजच्या वापराचा आकडा माना. हा माझा ठोकताळा आहे, प्रमाण नव्हे, पण त्याने पीईटीजी बरोबर तिच्या जागी, म्हणजे पन्नाशीत, येऊन बसते.

अजून एक गोष्ट बघा. ही चाचणी दोन भारांवर होते: ०.४५ मेगापास्कल आणि १.८ मेगापास्कल. जाहिरातीत साहजिकच पहिल्याचा, म्हणजे मोठा आकडा छापतात. पीईटीजीत दोन्हींमध्ये काही अंशांचाच फरक असतो. तरी दोन ब्रँडची तुलना करताना आकडे एकाच भाराचे आहेत ना, एवढं तपासा.

मोबाइल तर मी उतरताना सोबत नेतो. मग रिकाम्या होल्डरवर भार कसला?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं उत्तर यातच आहे. गाडी तापत असताना होल्डरवर फोन नसतो. भार असतो तो होल्डरच्या स्वतःच्या पकडीचा. एसीच्या जाळीवर चिमट्यासारखी बसणारी क्लिप चोवीस तास ताणलेली असते. फोन धरणारे दोन पंजे प्लास्टिकच्याच स्प्रिंगने आवळलेले असतील तर तेही. या जागा तापल्या की प्लास्टिक ताणलेल्या आकाराशी जुळवून घेतं आणि ‘हाच माझा मूळ आकार’ असं ठरवून टाकतं. होल्डर दिसायला जसाच्या तसा असतो, पण पकड गेलेली असते. आठवडाभराने स्पीडब्रेकरवर फोन मांडीवर आला की लोक फिलामेंटला शिव्या देतात. खरा दोष असतो तो प्रिंट केलेल्या स्प्रिंगचा.

दुसरा भार येतो तो तुम्ही गाडीत बसल्यावर. संध्याकाळी दार उघडता, फोन लगेच होल्डरला लावता, नकाशा चालू करता. त्या वेळी हवा एसीने पाच मिनिटांत गार होते, पण डॅशबोर्ड आणि त्याला चिकटलेला होल्डरचा पाया अजून साठीत असतो. होल्डरच्या हातावर, म्हणजे पायापासून फोनपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर, दिवसातला सगळ्यात वाईट प्रसंग येतो तो या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत.

यावरून डिझाइनचे दोन निर्णय आपोआप निघतात. एक, पकड प्लास्टिकच्या लवचिकतेवर सोडू नका. एसीच्या जाळीसाठी तिच्यात अडकणारा हूक आणि मागून आवळायचा एम४ बोल्ट ठेवा. सैल पडला तर अर्धा फेरा आवळता येतो, क्लिपला तशी सोय नाही. पंजांसाठी धातूची छोटी स्प्रिंग वापरा. हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत सुटं मिळतं. नट बसवायला षटकोनी खाच ठेवा. गरम करून दाबून बसवायचे पितळी इन्सर्ट एरवी उत्तम, पण इथे बोल्टची ओढ सतत त्यांना बाहेर खेचत राहते आणि भोवतीचं प्लास्टिक तापलेलं असतं. नट मागच्या भिंतीला टेकून बसतो, म्हणून तो परवडतो. दोन, हात आखूड आणि जाड ठेवा. किती जाड, ते पुढच्या उत्तरात.

हाताची जाडी किती ठेवायची? एक उदाहरण सोडवून दाखवाल का?

समजा कव्हरसकट फोन २२० ग्रॅम आणि पंजाचा भाग ३० ग्रॅम. एकूण पाव किलो, म्हणजे साधारण अडीच न्यूटन. हात ६० मिलिमीटर लांब आहे. म्हणजे पायाशी येणारं वाकवणारं बळ २.५ गुणिले ६०, म्हणजे १५० न्यूटन-मिलिमीटर.

हात २० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड असेल तर रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले सहा, असं केल्यावर ५३ येतात. १५० ला ५३ ने भागलं की पायाशी सुमारे २.८ मेगापास्कल ताण निघतो. डेटा शीटच्या कडक चाचणीतल्या १.८ पेक्षाही हा जास्त आहे, आणि खड्ड्यांतले हादरे यात धरलेलेच नाहीत.

आता फक्त जाडी ४ ची ८ करा. तोच भागाकार ०.७ मेगापास्कलवर येतो, म्हणजे ताण चौथा हिस्सा झाला. वाकणं तर आठव्या हिश्श्यावर येतं, कारण तिथे जाडीचा घन लागतो. खर्च वाढतो तो पाच-सहा ग्रॅम फिलामेंटचा. लांबी ६० ऐवजी ४५ करता आली तर ताण आणखी पाव हिश्श्याने घटतो. फिलामेंट बदलण्याआधी हे करून पाहावं, असं मी सांगेन. हो, पीएलए सोडून! तिथे का उपयोग नाही ते वर आलंच आहे.

इनफिलपेक्षा भिंती महत्त्वाच्या, कारण वाकताना ताण बाहेरच्या थरावर असतो. पाच भिंती, तीस-चाळीस टक्के इनफिल पुरे.

थोडक्यात सांगा: पीईटीजी घेऊ की एएसए?

होल्डर गाडीत कुठे बसणार ते आधी सांगा.

एसीच्या जाळीवर, बोल्टने आवळलेला आणि जाड हाताचा असेल तर पीईटीजी. उघड्या प्रिंटरवर ती सहज निघते, वास जवळजवळ नाही, आणि ५०–६० अंशांवर, ताण कमी ठेवला तर, टिकते. कडेला आहे, पण टिकते.

डॅशबोर्डच्या माथ्यावर किंवा पुढच्या काचेला चिकटणारा असेल तर एएसए. ती शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि डेटा शीटवरचा आकडा बहुधा ८५ ते ९५ मध्ये असतो. त्यातून पंधरा-वीस वजा केले तरी सत्तरीचा डॅशबोर्ड ती बऱ्यापैकी झेलते. पीईटीजी तिथे ठेवून ‘बघू काय होतं’ म्हणणारे असतात. मेमध्ये काय व्हायचं ते होतंच.

किमतीचा मुद्दा यात आणू नका. एएसए किलोला दोन हजार रुपये धरली तरी ४५ ग्रॅमच्या होल्डरला नव्वद रुपये पडतात. खरी किंमत आहे ती प्रिंट बिघडण्याची आणि त्यात जाणाऱ्या संध्याकाळींची.

एबीएस, पॉलिकार्बोनेट, नायलॉन यांचं काय?

एबीएस उष्णतेत एएसएच्या बरोबरीची आहे. एएसएचा मोठा गुण म्हणजे ती उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी आणि ठिसूळ पडत नाही. पण पुढच्या काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि तो हे किरण जवळजवळ सगळे अडवतो. म्हणून गाडीच्या आत एएसएचं हे श्रेष्ठत्व जाहिरातीत असतं तेवढं उरत नाही. घरात एबीएसचं अर्धं रीळ पडून असेल तर खुशाल वापरा. नवं घ्यायचं असेल तर एएसएच घ्या.

पॉलिकार्बोनेट उष्णतेला उत्तम, पण नोझल २७० च्या पुढे आणि बंद, गरम चेंबर मागतं. मोबाइल होल्डरसाठी एवढा खटाटोप कशाला? साधं नायलॉन पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन मऊ आणि लवचिक होतं, शिवाय सतत भाराखाली सरकतं. काचतंतू किंवा कार्बन तंतू घातलेलं नायलॉन मात्र झकास टिकतं. ते परवडत असेल आणि कडक नोझल असेल तर जरूर वापरा, कारण साधं पितळी नोझल हे तंतू घासून खातात.

माझा प्रिंटर उघडा आहे. एएसए निघेल का?

मोठी वस्तू नाही निघणार. होल्डरचा हात निघू शकतो, पण तो बेडवर कसा ठेवता यावर सगळं आहे.

एएसए थंड होताना आकसते. खालचे थर बेडच्या उष्णतेत आणि वरचे वाऱ्यात, असं झालं की कोपरे उचलले जातात किंवा मधल्या थरांना चीर पडते. बेड १०० अंशांवर असताना त्याच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरची हवा बरीच गरम असते. तुमची वस्तू तेवढ्या उंचीत बसली तर निम्मी लढाई जिंकली. वरच्या उदाहरणातला हात कुशीवर आडवा ठेवा. रुंदी २० मिलिमीटर आहे, म्हणजे प्रिंटची उंचीही फक्त २० मिलिमीटर. याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: थर हाताच्या लांबीला समांतर जातात, त्यामुळे फोनचं वजन थर उकलायला बघत नाही. हात उभा प्रिंट केला तर एएसए असो की आणखी काही, खड्ड्यात थरांच्या सांध्यावरच मोडेल. पाया आणि हात एका तुकड्यात काढायचा हट्ट नको. दोन तुकडे करा, मध्ये बोल्ट घाला.

नोझल २४० ते २६०, बेड ९५ ते १०५, पार्ट कूलिंग फॅन बंद किंवा अगदी नावाला. आठ मिलिमीटरचं ब्रिम द्या आणि कोपरे मॉडेलमध्येच गोल करा. टोकदार कोपराच आधी उचलतो. खोलीतला सीलिंग फॅन बंद, खिडकीतून येणारा झोत बंद. पुण्यात एप्रिलच्या दुपारी खोलीच ३४–३५ अंशांवर असते. माणसाला नकोशी, पण एएसएसाठी तीच वेळ सगळ्यात चांगली. प्रिंट संपल्यावर लगेच ओढून काढू नका. बेड पन्नाशीच्या खाली येऊ द्या.

नोझलपर्यंत पांढरी टेफ्लॉनची नळी उतरलेला जुना हॉटएंड असेल, जसा साध्या एंडर ३ मध्ये असतो, तर २४० च्या पुढे जाऊ नका. ती नळी खराब होऊ लागते आणि त्यातून निघणारा धूर आरोग्याला वाईट. अशा प्रिंटरवर २४० ला चालणारी एएसए निवडा, नाहीतर पीईटीजीवर समाधान माना.

पुठ्ठ्याचं खोकं झाकून ठेवण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. शंभर अंशांच्या बेडवर, रात्रभर, घरात कुणी लक्ष देत नसताना पुठ्ठा? नको. झाकायचंच असेल तर न पेटणाऱ्या कापडाचा तयार तंबू मिळतो तो घ्या आणि पॉवर सप्लाय त्याच्या बाहेर ठेवा.

वास येतो. घातक आहे का?

एएसए आणि एबीएस तापवताना स्टायरीनची वाफ निघते आणि बारीक कणही. बंद बेडरूममध्ये, लहान मुलं झोपतात तिथे हे काढू नका. इथे जरा पंचाईत होते: प्रिंटला झोत नको आणि माणसाला हवा हवी. प्रिंट चालू असताना खोली बंद ठेवून आपण बाहेर राहायचं, झाल्यावर खिडक्या उघडून खोली मोकळी करायची आणि मगच आत बसायचं. बाल्कनीतल्या बंद कपाटात प्रिंटर असेल तर उत्तमच.

पीईटीजी सोपी म्हणता, पण माझ्याकडे नुसते कोळ्याचे जाळे येतात.

जून उजाडला की ही तक्रार येते, आणि कारण दहात नऊ वेळा ओल. पीईटीजी हवेतलं पाणी धरते आणि नोझलमध्ये त्याची वाफ होऊन चरचर आवाज येतो. तारा सुटतात, थर फसफसलेले दिसतात. ही नुसती दिसण्याची बाब नाही. असे थर एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि होल्डर तिथेच फाटतो. ६५ अंशांवर सहा तास वाळवा, मग सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. एएसएला ८० अंशांवर चार ते सहा तास.

वाळलेल्या पीईटीजीला नोझल २३० ते २५०, बेड ७० ते ८०, फॅन तीस ते पन्नास टक्के. गुळगुळीत पीईआय किंवा काचेच्या बेडवर ग्लू स्टिकचा पातळ हात फिरवा. इथे तो चिकटवण्यासाठी नसून सुटण्यासाठी असतो. नाहीतर ती बेडचा टवका घेऊन निघते.

पीएलए ओव्हनमध्ये भाजून घट्ट करतात म्हणे?

करतात. पीएलएचे रेणू नीट रचले गेले, म्हणजे स्फटिक तयार झाले, की ते ६० च्या पुढेही ताठ राहतं. पण साधं पीएलए हे फार सावकाश करतं. त्यासाठी मुद्दाम बनवलेलं उष्णतारोधक पीएलए घ्यावं लागतं आणि प्रिंट झाल्यावर साधारण ८० ते ११० अंशांत, कंपनी सांगेल तेवढा वेळ, तापवावं लागतं. यात वस्तू लांबी-रुंदीत आकसते आणि उंचीत किंचित वाढते. जाड ठोकळ्याला हे चालून जातं. नटाची खाच आणि पंजाची सरक मात्र बसेनाशी होते. घरगुती ओटीजीचा काटा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे असतो, तेव्हा आत वेगळा थर्मामीटर हवाच. बंद प्रिंटर अजिबात शक्य नसेल आणि जागा डॅशबोर्डचीच असेल, तेव्हाच मी या वाटेला जाईन.

काचा बोटभर खाली ठेवल्या किंवा सनशेड लावली तर पीईटीजी चालेल?

काचा थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडत नाही. आतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक चढून जातं. सनशेडने मात्र डॅशबोर्डवर थेट येणारं ऊनच थांबतं, आणि पुण्यात ती कुठल्याही सिग्नलवर मिळते. नियमाने लावणार असाल तर डॅशबोर्डवरही पीईटीजीची शक्यता उघडते.

मेख अशी की काचेला चोषकाने चिकटवलेला होल्डर सनशेड आणि काच यांच्या मध्ये अडकतो. चकाकणाऱ्या सनशेडवरून परतणारं ऊनही त्याच्याच अंगावर येतं, म्हणजे शेडमुळे गाडी गार आणि होल्डर जास्तच गरम. असा होल्डर असेल तर एएसएला पर्याय नाही.

रंगाचंही इथेच सांगून टाकतो. थेट उन्हात काळी वस्तू पांढरीपेक्षा बरीच जास्त तापते. पण पांढरा किंवा फिका होल्डर डॅशवर असला की त्याचं प्रतिबिंब काचेत दिसतं आणि रात्री त्रास होतो. मधला राखाडी रंग घ्या, मॅट.

चुंबकाचा होल्डर करायचा आहे. वेगळं काही?

साध्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंश धरतात, म्हणजे डॅशवर तो काठावर असतो. जास्त उष्णतेचे वेगळ्या दर्जाचे मिळतात, शक्य असेल तर ते मागा. चुंबक फेविक्विकसारख्या गोंदावर सोडू नका. उष्णतेत आणि हादऱ्यांत तो सुटतो, आणि मग फोन चुंबकासकट हातात येतो. प्रिंट मध्येच थांबवून चुंबक प्लास्टिकच्या आत गाडून टाकणं सगळ्यात पक्कं.

अख्खा होल्डर काढण्याआधी फिलामेंट तपासता येईल?

येईल. १०० मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३ जाड अशी पट्टी आडवी प्रिंट करा. एक टोक दोन सेंटिमीटर लाकडी ठोकळ्याला क्लॅम्पने घट्ट धरा आणि मोकळ्या टोकाला ५० ग्रॅमचं वजन दोऱ्याने टांगा. पट्टीच्या मुळाशी सुमारे २.६ मेगापास्कल ताण येतो, म्हणजे वरच्या पातळ हाताला आला होता जवळपास तितकाच. मागे आलेख कागद लावा आणि टोकाची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. हे सगळं, वजन लटकायला जागा मिळेल असं, तुमच्याच गाडीत डॅशबोर्डच्या कडेला दुपारी बारा ते चार ठेवा.

चार वाजता आधी वजन काढा, पट्टी गार होऊ द्या, आणि मग टोक कुठे आहे ते बघा. वजन असताना वाकणं साहजिक आहे. वजन काढून गार झाल्यावरही जे वाकलेलं उरतं, ती कायमची विकृती. पीएलएची पट्टी बहुधा खाली लोंबलेली सापडेल. पीईटीजीची किती राहते, त्यावर तुमच्या पार्किंगच्या जागेचा निकाल लागतो. पहिल्याच दिवशी टोक दोन-तीन मिलिमीटर खाली राहिलं असेल तर तिथे पीईटीजी नको.

वापरातला होल्डर जाऊ लागलाय हे कसं ओळखायचं?

बिघाडाची तऱ्हाच कारण सांगते. हात सगळीकडून सारखा, गोलाईने खाली आला असेल तर तो उष्णतेने सरकला: दुसरं फिलामेंट किंवा जाडी. हात सरळ आहे पण फोन डुगडुगतो, बोल्ट पुन्हा पुन्हा आवळावा लागतो, तर पकडीच्या जागी प्लास्टिक दबतंय: नटाखाली मोठा वॉशर घाला. आणि होल्डर सरळ रेषेत, थराथरांमधून मोडला असेल तर उष्णतेचा संबंध नाही. थर नीट चिकटले नव्हते. एएसएमध्ये हे वाऱ्यामुळे होतं, पीईटीजीत बहुधा ओलीमुळे. नवा हात उजेडासमोर धरून हलकेच वाकवा. थरांमध्ये केसासारखी पांढरी रेघ उमटली तर तो गाडीत लावूच नका.

प्रिंटर नाही, बाहेरून करून घ्यायचा आहे. दुकानदाराला काय सांगू?

‘एएसएमध्ये, बंद चेंबरच्या प्रिंटरवर, पाच भिंती, हात कुशीवर आडवा ठेवून’ एवढं लिहून द्या. ‘पीएलएच टाकतो, जाड करतो, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. वस्तू हातात आल्यावर थर कुठल्या दिशेने गेलेत ते नखाने चाचपून बघा, पैसे त्यानंतर द्या. आणि बसवताना एवढं पाहा की डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगची खूण आहे त्या झाकणावर होल्डर येत नाही. एअरबॅग उघडली तर तिथला होल्डर सरळ तोंडावर येतो, मग तो कुठल्याही फिलामेंटचा असो.